नुसतीच कॉम्प्युटेशन शीट आली, प्रश्न नाही: काय वाचायचं आणि काय सीएकडे न्यायचं

जून-जुलै लागला की वरुड-मोर्शीकडच्या गावांत फोनवर फोटो यायला लागतात. आयकराची कॉम्प्युटेशन शीट, थोडी तिरकी काढलेली, खाली अंगठ्याची सावली. सोबत एक शब्दही नसतो. पाठवणाऱ्याला काय हवंय ते आपणच ओळखायचं: पैसे भरावे लागतील का, परतावा येईल का, की हिशेब करणाऱ्यानं बरोबर केलंय का. बहुतेकांना प्रश्नच सुचत नाही, कारण कागदावरच्या ओळी कळत नाहीत. म्हणून मी आधी ओळी समजावतो. मग ज्या ओळींचं उत्तर कागदावर सापडत नाही त्यांच्यावर खूण करतो आणि त्या सीएकडे पाठवतो. मी सीए नाही. कागद वाचायची सवय आहे, एवढंच.

एक शीट धरून पुढे जाऊ. अनुदानित शाळेचे मुख्याध्यापक, चोवीसेक वर्षांची नोकरी, घरी संत्र्याची बाग. आकडे मी बदलून घेतलेत, पण असे कागद दर वर्षी येतात. शीट आर्थिक वर्ष २०२५-२६ ची आहे, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७. तिच्यावर होतं ते असं:

पगार (ढोबळ): १४,४०,०००
वजा प्रमाणित वजावट: ७५,०००
इतर उत्पन्न (बँकेचं व्याज): ३५,०००
एकूण उत्पन्न: १४,००,०००
करमुक्त उत्पन्न, शेती: ३,२०,०००
कर: ९०,०००
उपकर ४ टक्के: ३,६००
टीडीएस: ८८,१४०
भरायचे: ५,४६०
फॉर्म: आयटीआर-१

वरून पाहिलं तर सगळं ठीक. ५,४६० भरा आणि मोकळे व्हा. पण या शीटमध्ये एक ओळच नाही, आणि ती आली तर भरायची रक्कम पन्नास हजारांच्या आसपास जाऊ शकते. जाईलच असंही नाही. तो भाग पुढे येतो.

आधी कागद कोणता ते ओळखा

एकसारखे दिसणारे तीन कागद आपल्याकडे फिरतात. पहिला शाळेच्या लिपिकानं फेब्रुवारीत टीडीएस कापण्यासाठी केलेलं आयकर विवरण. त्यात फक्त पगार असतो. शेती आणि बँकेचं व्याज त्याला माहीतच नसतं, सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. दुसरा कागद म्हणजे रिटर्न भरणाऱ्यानं संगणकावरून काढलेली खरी कॉम्प्युटेशन शीट, आपली हीच आहे. तिसरा खात्याच्या बंगळुरूच्या केंद्रातून आलेली कलम १४३(१) ची सूचना. ती ओळखायला सोपी: प्रत्येक ओळीसमोर दोन आकडे असतात, एक तुम्ही भरलेला आणि एक खात्यानं काढलेला. तसे दोन रकाने दिसले तर तो हिशेब समजून घ्यायचा कागद नाही, खात्याचं उत्तर आहे. दोन आकडे जुळत नसतील आणि खाली भरायची रक्कम दाखवली असेल, तर ओळी समजावत बसू नका, तारीख पाहा आणि सीएकडे पाठवा.

फोटो गटात आलेला असेल तर तो आधी काढायला सांगा. पॅन, बँक खातं, जन्मतारीख, पत्ता हे सगळं वरच्या चार ओळींत असतं. ते झाकून खालचा भाग पाठवला तरी आपलं काम होतं.

पगाराची ओळ

पद्धत नवी की जुनी, हे शीटवर कुठेतरी लिहिलेलं असतं. नसेल तर प्रमाणित वजावटीवरून कळतं: ७५,००० असेल तर नवी, ५०,००० असेल तर जुनी. आपली शीट नव्या पद्धतीची आहे.

इथे लिपिकाच्या कागदावरून नकल करताना नेहमी होणारी चूक म्हणजे व्यवसाय कराचे २,५०० रुपये. पगारातून ते कापले जातातच, पण नव्या पद्धतीत त्यांची वजावट मिळत नाही. एलआयसी, जीपीएफ, मुलांची फी, स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाचं व्याज, बचत खात्याच्या व्याजावरची सूट, यातलं काहीच नव्या पद्धतीत चालत नाही. शीटवर नवी पद्धत आणि खाली ८०सीचे दीड लाख, असं दिसलं की कागद चुकलाच.

एक वजावट मात्र नव्या पद्धतीतही मिळते आणि ती राहून जाते. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या कर्मचाऱ्यांच्या एनपीएस खात्यात शासन जो हिस्सा भरतं, तो आधी ढोबळ पगारात मिळवला जातो आणि मग कलम ८०सीसीडी(२) खाली मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतो. मिळवला असेल आणि वजा केला नसेल तर कर फुकट जास्त लागतो. आपले मुख्याध्यापक त्याआधी लागलेले, जीपीएफवाले, म्हणून त्यांच्या शीटमध्ये ही ओळ रिकामी आहे आणि ते बरोबर आहे.

सर लगेच म्हणतील की जुन्या पद्धतीत एलआयसी-जीपीएफ धरून कमी बसेल. या पगाराला तसं होत नाही. घरभाडं आणि गृहकर्ज नसेल, तर ८०सीचे पूर्ण दीड लाख, व्यवसाय कर आणि बचत खात्याच्या व्याजाची सूट धरूनही त्यांचा कर शेतीसकट, उपकर सोडून, २,६१,६५० येतो, नव्या पद्धतीच्या दुपटीहून जास्त. हा मुद्दा इथेच संपवा.

पगारात मागच्या वर्षांचा फरक किंवा थकबाकी आली असेल तर पहिली खूण इथे. कलम ८९ ची सवलत मिळू शकते, पण तिच्यासाठी फॉर्म १०ई रिटर्नच्या आधी ऑनलाइन भरावा लागतो. कोणत्या वर्षाचा किती फरक हे शाळेच्या कागदांवरून काढायचं काम आहे, अंदाजानं होत नाही.

व्याजाची ओळ

३५,००० मध्ये मुदत ठेवीचे २८,००० आणि बचत खात्याचे ७,०००. बँकेनं टीडीएस कापला नाही, म्हणून ते करमुक्त, असा समज आपल्याकडे पक्का आहे. एप्रिल २०२५ पासून बँक साठ वर्षांखालच्या माणसाच्या व्याजावर ५०,००० च्या पुढे गेल्यावरच टीडीएस कापते. कर मात्र पहिल्या रुपयापासून लागतो. इथे एकच गोष्ट करायची: आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडायचं आणि त्यातलं व्याज शीटशी जुळवायचं. बँका तिथे व्याज कळवतात. पतसंस्थेतली ठेव लोक विसरतात, ती एआयएसमध्ये नसली तरी पासबुकात असते.

शेतीची ओळ

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, हे कलम १०(१) सांगतं आणि गावात सगळ्यांना माहीत आहे. दुसरी अर्धी गोष्ट कमी जणांना माहीत असते. शेतीबाहेरचं उत्पन्न मूळ सूट मर्यादेच्या वर असेल आणि निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर शेतीचा आकडा दर ठरवण्यापुरता मोजला जातो. शेतीवर कर लागत नाही, पण शेतीमुळे पगार वरच्या टप्प्यात ढकलला जातो. शीटवर ही ओळ असायला हवी: ॲग्रिकल्चरल इन्कम फॉर रेट पर्पज.

ती धरली की नाही हे ओळखायची सोपी युक्ती आहे. एकूण उत्पन्नावर नुसत्या टप्प्यांनी कर काढा. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि पुढे ३० टक्के. १४ लाखांवर येतात २०,००० अधिक ४०,००० अधिक ३०,०००, म्हणजे बरोबर ९०,०००. शीटवरही ९०,००० च आहेत. शेती उत्पन्न दाखवलंय आणि कर तरी नुसत्या टप्प्यांचाच आलाय, याचा अर्थ शेती मोजलीच नाही.

आता मोजून पाहू.

पहिली पायरी: पगार-व्याजाचे १४,००,००० आणि शेतीचे ३,२०,००० एकत्र करा. १७,२०,००० झाले. यावर कर: २०,००० + ४०,००० + ६०,००० + १६ लाखांच्या वरच्या १,२०,००० वर २० टक्के म्हणजे २४,०००. एकूण १,४४,०००.

दुसरी पायरी: शेतीच्या ३,२०,००० मध्ये मूळ सूट मर्यादा, ४,००,०००, मिळवा. ७,२०,००० वर कर १६,०००.

तिसरी पायरी: पहिल्यातून दुसरा वजा करा. १,४४,००० वजा १६,०००, म्हणजे १,२८,०००. उपकर ५,१२०. एकूण १,३३,१२०.

आधी ९३,६०० होते. फरक ३९,५२० रुपयांचा. शाळेनं पगारावर ८८,१४० कापलेत, ते पगारापुरते बरोबर आहेत. म्हणजे आता ४४,९८० भरायचे राहतात, त्यावर व्याज वेगळं.

आयटीआर-१ ही दुसरी खूण. शेती उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-१ चालत नाही, पगारदाराला आयटीआर-२ लागतो. या शीटवर शेतीचे ३,२०,००० आणि फॉर्म आयटीआर-१, ही जोडी दिसली तेव्हाच कळायला हवं होतं की भरणाऱ्यानं शेतीचा आकडा नुसता शोभेला ठेवलाय. काही ठिकाणी भरणारा उलट करतो: फॉर्म आयटीआर-१ च राहावा म्हणून शेती ५,००० लिहितो. सरांना विचारा, त्यांच्या आधीच्या रिटर्नमध्ये काय लिहिलंय. वर्षानुवर्षं ५,००० आणि यंदा अचानक ३,२०,०००, हेही सीएला आधी सांगायची गोष्ट आहे.

ज्यांचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे त्यांना वाटतं की कर शून्यच. कलम ८७ए ची सूट नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ६०,००० आहे, आणि शेती मोजल्यावर कर त्याच्या वर जाऊ शकतो. एकूण उत्पन्न ११,९०,००० आणि शेती ४,००,००० असेल तर १५,९०,००० वर १,१८,५०० आणि ८,००,००० वर २०,०००, फरक ९८,५००. सूट धरूनही किमान ३८,५०० उरतात. अशा शीटवर शून्य दिसलं तर खूण करा आणि नेमका आकडा सीएला काढू द्या.

३,२०,००० कोणाचे?

सरांना लगेच "४४,९८० भरा" असं सांगायचं नाही. वरचं गणित बरोबर आहे, पण शेतीचे ३,२०,००० सरांचेच आहेत का, हे शीट सांगत नाही. ते सातबाऱ्यावर आणि वाटणीपत्रावर असतं.

आपल्याकडे बाग बऱ्याचदा सामाईक असते. सातबाऱ्यावर तीन भाऊ, बाग कसतो एक, पैसे येतात नोकरीवाल्या भावाच्या खात्यात कारण व्यापारी त्याला ओळखतो. अशा वेळी तीन उत्तरं निघतात.

जमीन वाटणीनं सरांच्या एकट्याच्या नावावर आली असेल, तर पूर्ण ३,२०,००० त्यांचे आणि जास्तीचा कर ३९,५२०.

तीन भाऊ सारख्या हिश्शाचे सहमालक असतील आणि ३,२०,००० हा पूर्ण बागेचा आकडा असेल, तर सरांचे १,०६,६६७ च धरायचे. १५,०६,६६७ वर कर १,०६,०००, आणि ५,०६,६६७ वर ५,३३३. फरक १,००,६६७. म्हणजे उपकरासह जास्तीचे सुमारे ११,०९०.

आणि जमीन खरोखरच अविभक्त हिंदू कुटुंबाची असेल, तर उत्पन्न कुटुंबाचं. सरांना मिळालेला वाटा त्यांच्या करात दर ठरवण्यासाठीही धरला जात नाही. जास्तीचे शून्य.

तिसरं उत्तर सगळ्यांना आवडतं आणि इथेच घाई होते. "जमीन वडिलोपार्जित आहे, म्हणजे कुटुंबाचीच" हे आपोआप खरं होत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर वडील मृत्युपत्राशिवाय वारले आणि त्यांची स्वतःची मालमत्ता मुलाकडे आली, तर ती मुलाची वैयक्तिक मालमत्ता धरली जाते, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्ये आयकर आणि संपत्तीकराच्याच वादात ठरवलं. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली, की आजोबांकडून आलेली, वडील कधी वारले, फेरफार कसा झाला, वाटणी तोंडी की नोंदवलेली, यावर उत्तर बदलतं. कुटुंबाचा वेगळा पॅन आहे का, त्याच्या नावे कधी रिटर्न गेलंय का, तेही पाहावं लागतं. हे फोनवर सांगायचं काम नाही. मी इथे मोठी खूण करतो आणि तीनही आकडे लिहून देतो, म्हणजे सरांना कळतं की सीएकडे जाण्याची फी कशासाठी द्यायची आहे. ३९,५२० आणि शून्य यांच्यातला फरक कागदपत्रांवर अवलंबून आहे. कर वाचवायला कागदावर नंतर वाटणी दाखवणं हा वेगळा प्रकार आहे, त्यात पडू नका.

शेतीच आहे का?

दुसरा प्रश्न, ३,२०,००० निव्वळ आहेत का आणि सगळे शेतीचेच का. निव्वळ म्हणजे खर्च वजा करून. बाग ५,२०,००० ला गेली असेल आणि खत, फवारणी, मजुरी, बांबू लावणं, वीज असे २,००,००० गेले असतील, तर ३,२०,००० बरोबर. आयटीआर-२ मध्ये ढोबळ रक्कम आणि खर्च वेगवेगळे लिहावे लागतात. निव्वळ ५ लाखांच्या वर गेलं तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, स्वतःची की ठेक्याची, ओलिताची की कोरडवाहू, हेही भरावं लागतं. खर्चाच्या पावत्या नसतात हे मला माहीत आहे. निदान वहीत तारीखवार लिहिलेलं असावं.

आंबिया किंवा मृग बहार झाडावरच व्यापाऱ्याला दिला तरी विकणाऱ्याचं उत्पन्न शेतीचंच राहतं. पण सरांनी शेजाऱ्याची उभी बाग विकत घेऊन, तोडून नागपूरला माल लावला असेल, तर तो नफा शेतीचा नाही, धंद्याचा. त्याला आयटीआर-२ सुद्धा चालत नाही. शेंदुरजना घाटकडची मंडळी इथे नेहमी गोंधळतात, म्हणून सांगतो: संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकेचं उत्पन्न मात्र कायद्यानंच शेतीचं धरलंय. स्वतः वाढवलेली कलमं विकली तर शेती. दुसऱ्याकडून आणून तशीच विकली तर व्यापार. दूध, शेळ्या, भाड्यानं दिलेला ट्रॅक्टर हे शेतीत बसत नाही, वावरातच चालत असलं तरी.

आणि व्यापाऱ्यानं पैसे कसे दिले ते विचारा. एका व्यवहारात, किंवा एका माणसाकडून एका दिवसात, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कलम २६९एसटी नं मना आहे, आणि शेतमालाला त्यातून सरसकट सूट नाही. दंड घेणाऱ्यालाच, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असू शकतो. ५,२०,००० चा सौदा रोखीत झाला असं कळलं, तर बाकीचे प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी हे सीएला सांगा.

करमुक्त रकान्यात शेतीऐवजी जमीन विक्रीची रक्कम दिसली तर तो पूर्ण वेगळा विषय. ग्रामीण शेतजमीन करातून सुटते, पण ग्रामीण कशाला म्हणायचं ते अंतरावर ठरतं. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या नगरपालिकेच्या हद्दीपासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून ६, दहा लाखांच्या वर ८ किलोमीटर, आणि अंतर रस्त्यानं नाही तर सरळ रेषेत मोजायचं. वरुड शहराला २ किलोमीटर लागू, अमरावतीला ६, नागपूरला ८. हद्दीच्या जवळची जमीन असेल तर तलाठ्याकडून किंवा नगररचनेकडून अंतराचा दाखला घेतल्याशिवाय कोणी "सुटली" म्हणू नये. शीटमध्ये अशी ओळ असली तर मी तिथेच थांबतो.

शेवटच्या ओळी: टीडीएस आणि व्याज

टीडीएसचे ८८,१४० फॉर्म २६एएस मध्ये तेवढेच दिसतात का, ते पाहा. शाळेनं पगारातून कापले पण तिमाही विवरणपत्र चुकलं, तर २६एएस मध्ये कमी दिसतात आणि रिटर्नमध्ये पूर्ण मागितले तर खातं फरक परत मागतं. अशा वेळी पहिली चक्कर शाळेच्या कार्यालयाची.

व्याजाची ओळ आपल्या शीटमध्ये कोरी होती, कारण ५,४६० वर ॲडव्हान्स टॅक्सचा प्रश्न येत नाही. टीडीएस वजा जाता १०,००० किंवा जास्त कर निघत असेल तरच तो लागतो. ४४,९८० निघाले तर मात्र लागतो. ॲडव्हान्स टॅक्सचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चला असतात. आंबियाचा चुकारा बहुतेकदा डिसेंबरच्या आत हातात येतो, तेव्हाच भरले असते तर बरंच व्याज टळलं असतं. एकही हप्ता न भरता सगळे जुलै २०२६ मध्ये भरले तर हिशेब असा:

कलम २३४सी, हप्ते चुकल्याचं व्याज: पहिल्या हप्त्यावर २०१, दुसऱ्यावर ६०६, तिसऱ्यावर १,०११, चौथ्यावर ४४९. एकूण २,२६७.
कलम २३४बी, एप्रिलपासून दरमहा एक टक्का, चार महिन्यांचे: १,७९६.

व्याज ४,०६३. म्हणजे ४४,९८० अधिक ४,०६३, दहाच्या पटीत ४९,०४०. व्याज काढताना रक्कम आधी शंभराच्या पटीत खाली आणतात, म्हणून आकडे थोडे विचित्र दिसतात. शीटवर हाच हिशेब छापलेला असतो, तो जुळवून पाहता येतो.

सरांना काय लिहून पाठवायचं

मी साधारण असं पाठवतो: "सर, पगार आणि व्याज बरोबर दिसतं. शेती दर ठरवायला धरली नाही आणि फॉर्म आयटीआर-१ नाही चालत. शेती पूर्ण तुमचीच असेल तर जुलैत ४९,०४० होतील, तिघा भावांची असेल तर बरेच कमी, कुटुंबाची असेल तर आधीचाच आकडा. हे ठरल्याशिवाय रिटर्न सबमिट करू नका. सीएकडे जाताना सातबारा, आठ-अ, फेरफार, वाटणीपत्र असेल तर ते, बागेच्या सौद्याची चिठ्ठी, बँक पासबुक, फॉर्म १६ आणि मागच्या तीन वर्षांचे रिटर्न न्या."

सीएनं आकडा ठरवला की पैसे रिटर्नच्या आधी भरायचे. पोर्टलवर e-Pay Tax मध्ये Self Assessment Tax (300) निवडायचं, Advance Tax (100) नाही. तो मार्चपर्यंतचा. चलन झाल्यावर बीएसआर कोड, तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये चढलेत का ते पाहायचं. ऑगस्टपर्यंत लांबलं तर २३४बी चे ४४९ आणखी वाढतात, आणि रिटर्न ३१ जुलैची मुदत चुकून गेलं तर उशिराची फी आणि वेगळं व्याजही लागतं.

यंदा चलन भरताना एक नवा घोळ होऊ शकतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात करनिर्धारण वर्षाऐवजी टॅक्स इयर आहे. आपली शीट जुन्या, १९६१ च्या कायद्याखालचीच. असेसमेंट इयर २०२६-२७ म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचं उत्पन्न, आणि टॅक्स इयर २०२६-२७ म्हणजे आता चालू असलेलं वर्ष. आकडे सारखे, वर्षं दोन. सरांना असेसमेंट इयर निवडायचंय. चुकीचं निवडलं तर पैसे जातील, पण या रिटर्नला दिसणार नाहीत.